स्लॅब लांबला, माल टिकवला: सिमेंट-सळीच्या खुणा आणि साठवणीच्या नोंदी (मे ते ऑगस्ट २०२५)

काम: तळमजल्यावरचा स्लॅब आणि बीम. ठिकाण: संगमेश्वर तालुका, किनाऱ्यापासून आत. काँक्रीट साधारण १३ घनमीटर. मिक्स डिझाइनप्रमाणे घनमीटरला ४०० किलो, म्हणजे ८ पोती सिमेंट. हिशेबाने १०४ पोती लागतात, मागवायची ११०. सळी सुमारे १.२ टन. स्लॅबची ठरलेली तारीख २८ मे.

१२ मे

ऑर्डर लेखी दिली. "चांगलं सिमेंट, चांगली सळी" असं तोंडी सांगितलं की दुकानात जे पडून असेल ते येतं. म्हणून चार ओळी लिहून दिल्या. सिमेंट पीपीसी, म्हणजे कोळशाची राख मिसळलेलं, पोत्यावर भारतीय मानकाचा क्रमांक आयएस १४८९ भाग १. भरल्याला सहा आठवड्यांपेक्षा जास्त झालेलं नको. सळी एफई ५०० डी, आयएस १७८६, सळीवर उठावाची खूण आणि बंडलला पत्र्याचा टॅग हवा. सळी वजनकाट्याच्या पावतीवर घेतली जाईल आणि मीटरचं वजन जागेवर तपासलं जाईल.

पीपीसी म्हटल्यावर "५३ ग्रेडचं का?" हा प्रश्न आलाच. ४३ आणि ५३ हे आकडे ओपीसीचे, म्हणजे राख न मिसळलेल्या साध्या सिमेंटचे आहेत. प्रमाणित वाळूच्या १:३ मॉर्टरचे ठोकळे २८ दिवसांनी दाबून फोडतात. त्या वेळी दर चौरस मिलिमीटरला निदान ४३ किंवा ५३ न्यूटन ताकद मिळाली पाहिजे, एवढाच त्या आकड्यांचा अर्थ. पूर्वी ४३ आणि ५३ची मानकं वेगळी होती, २०१५ पासून ती आयएस २६९ मध्येच आहेत. पीपीसीला ग्रेड नसते. त्याच्या मानकात २८ दिवसांची किमान ताकद ३३ आहे, प्रत्यक्षात ती बरीच जास्त मिळते. पीपीसीच्या पोत्यावर ५३ शोधत बसू नये. तिथे वाचायचं ते राखेचं प्रमाण. ही राख, म्हणजे फ्लाय अॅश, १५ ते ३५ टक्क्यांच्या आत असावी लागते आणि तो आकडा पोत्यावर छापलेला असतो. "सुपर", "रूफ स्पेशल", "प्लस" या शब्दांना मानकात जागा नाही.

१४ मे

गोदाम तयार केलं. आत १२ फूट बाय १० फूट, वर पत्रा, जमीन ठोकून पक्की केलेली. त्यावर सुक्या विटांचे दोन थर अंथरले, विटांवर जाड प्लास्टिक, आणि प्लास्टिकवर फळ्या अशा ठेवल्या की पोत्यांचा तळ जमिनीपासून ६ ते ८ इंच वर राहील. फळ्यांमधून वर आलेले खिळे वाकवून ठोकून टाकले. पोतं फाटतं ते बहुधा अशाच खिळ्यांनी.

थप्पीचा हिशेब आधी कागदावर केला. आडवं पोतं सुमारे ७५ सेंमी लांब आणि ४० सेंमी रुंद धरलं. लांबीत तीन आणि रुंदीत चार पोती लावली की एका थरात १२ बसतात आणि थप्पी २.२५ मीटर बाय १.६० मीटर होते. एकावर एक तशीच रचली तर उंच थप्पी ढासळते, म्हणून आठ थरांपेक्षा वर जायचं असेल तर एक थर लांबीच्या दिशेने उभा, एक रुंदीच्या दिशेने आडवा लावायचा. आडव्या थरात या मापात १० पोतीच बसतात. पाच उभे आणि पाच आडवे थर मिळून ६० अधिक ५० म्हणजे बरोबर ११०. दहा थर ही वरची मर्यादा. त्याहून उंच गेलं की तळाची पोती दाबाने घट्ट होतात. चारी बाजूंनी भिंतीपर्यंत ७० सेंमी मोकळे राहतात. निदान ६० हवेत, म्हणजे भिंतीची ओल पोत्याला लागत नाही आणि माणूस फिरून थप्पी पाहू शकतो.

१६ मे

सळी आली. उतरवण्याआधी गाडीवरच खुणा वाचल्या. रोलिंगच्या वेळीच कंपनीची खूण, व्यास आणि ग्रेड सळीच्या अंगावर उमटवलेली असते आणि ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येते. अक्षरं दोन बरगड्यांच्या मधे असल्यामुळे धुळीत दिसत नाहीत. ओल्या फडक्याने पुसायचं आणि टॉर्च तिरपी धरायची. एकच सळी पाहून भागत नाही. प्रत्येक बंडलमधून दोन-तीन सळ्या पाहिल्या, कारण बंडलच्या बाहेरच्या बाजूला एक माल आणि आत दुसरा, असं होऊ शकतं.

५०० म्हणजे सळी कायमची ताणली जाण्याआधी दर चौरस मिलिमीटरला निदान ५०० न्यूटन ताण सोसते. डी हे अक्षर लवचिकतेचं. साधी एफई ५०० तुटेपर्यंत निदान १२ टक्के लांबते, ५०० डी निदान १६ टक्के. डी मध्ये गंधक आणि फॉस्फरसची मर्यादाही कडक आहे. भूकंपात बीम-कॉलमच्या सांध्यावर सळी तडकन तुटण्याऐवजी ताणली जावी, यासाठी हा फरक. रत्नागिरी जिल्हा भूकंपाच्या चौथ्या विभागात येतो, त्यामुळे इथे डी सोडून चालणार नाही.

१२ आणि १६ मिमीच्या बंडलांवर ५०० डी होतं. १० मिमीच्या एका बंडलच्या टॅगवर ५०० डी आणि सळीवर नुसतं ५००. टॅग तारेने बांधलेला असतो, तो कुणीही बदलू शकतं. सळीवरचा उठाव बदलता येत नाही. ते बंडल परत केलं. बाकी टॅगवरचे कास्ट नंबर, म्हणजे लोखंड ज्या घाण्यातून ओतलं त्याचे नंबर, उतरवून घेतले आणि टेस्ट सर्टिफिकेटवर तेच नंबर आहेत हे पाहिलं. नंबर जुळत नसेल तर ते सर्टिफिकेट दुसऱ्याच लोखंडाचं असतं.

लांब सळ्या गाडीत बसाव्यात म्हणून मधोमध दुमडून आणल्या होत्या. दुमडीवर बरगडीला बारीक तडा दिसला तर तो भाग कापायचा. सरळ करून मुख्य सळीत वापरायचा नाही.

१७ मे

वजनाची तपासणी. सूत्र सोपं आहे: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किलो. ८ मिमीला ३९५ ग्रॅम, १० मिमीला ६१७, १२ मिमीला ८८८, १६ मिमीला १ किलो ५८०. प्रत्येक मापाच्या तीन वेगवेगळ्या सळ्यांचे मीटरभराचे तुकडे काटकोनात कापले आणि एक ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोलले. तुकडा ९९५ मिमी भरला तर वजनाला ०.९९५ ने भागायचं, नाहीतर सळी उगाच हलकी ठरते.

वजनातल्या तुटीची मर्यादा व्यासाप्रमाणे बदलते. लॉटच्या सरासरीला १० मिमीपर्यंत ७ टक्के, १२ आणि १६ मिमीला ५ टक्के, त्याहून जाड सळीला ३ टक्के.

१२ मिमी: ८७२, ८६९, ८७५. सरासरी ८७२, मर्यादा ८४४. पास.
८ मिमी: ३५८, ३६१, ३५६. सरासरी ३५८, मर्यादा ३६७. नापास.

८ मिमी सव्वानऊ ते साडेनऊ टक्के हलकी निघाली. "तुम्ही वजनावरच पैसे देता, मग तुमचं काय जातं?" असं विचारलं गेलं. पैशाच्या बाजूने ते खरं आहे, उलट त्याच वजनात जास्त सळ्या मिळतात. पण फिटर सळ्या वजनाने बांधत नाही, अंतराने बांधतो. ड्रॉइंगमध्ये ८ मिमी १५० मिमी अंतरावर आहे. सळीचा छेद साडेनऊ टक्के कमी, म्हणून ही सळी १५० वर बांधली तरी लोखंड १६५ मिमी अंतरावर बांधल्याइतकंच पडतं. स्लॅबची गणितं अशी चालत नाहीत. ८ मिमीचा पूर्ण माल बदलून मागवला. नवा माल १९ तारखेला आला. सरासरी ३८८, पास.

कॅलिपरने व्यास मोजून हे कळत नाही. बरगडीवर मोजलं तर जास्त येतो, बरगड्यांच्या मधे मोजलं तर कमी. वजनच खरं.

१९ मे

सिमेंट ११० पोती. उतरवताना एक माणूस फक्त वाचायला उभा केला. प्रत्येक पोत्यावर तीन गोष्टी पाहायच्या होत्या: आयएसआय चिन्हाच्या वरचा मानक क्रमांक, खालचा सीएम/एल परवाना क्रमांक, आणि भरल्याचा आठवडा व वर्ष. परवाना क्रमांक बीआयएस केअर अॅपमध्ये घातला की कंपनी, मानक आणि परवाना चालू आहे की नाही हे दिसतं. परवाना कारखान्यावार असतो, त्यामुळे एकाच ब्रँडच्या पोत्यांवर दोन वेगळे क्रमांक दिसले तर घाबरायचं कारण नाही, दोन्ही तपासायचे.

१० पोत्यांवर आयएस १४८९ ऐवजी १६४१५ होतं. ते कंपोझिट सिमेंट, त्यात राख आणि स्लॅग, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतला मळ, दोन्ही असतात. रंग, चित्र, ब्रँड सगळं सारखंच, फक्त तो आकडा वेगळा. माल खोटा नव्हता, पण मिक्स डिझाइन पीपीसीवर केलेलं आहे आणि एका स्लॅबमध्ये दोन सिमेंट नकोत. परत.

आणखी १४ पोत्यांवर आठवडा ६, २०२५ होता. सहावा आठवडा म्हणजे फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा, आज त्याला तीन महिने उलटून गेले. पोत्यात साठवलेलं सिमेंट तीन महिन्यांनंतर पुन्हा तपासल्याशिवाय वापरू नये हा नियम. साधारण अंदाज असा की तीन महिन्यांत पाचवा हिस्सा ताकद जाते, आणि ओलसर हवेत त्याहूनही जास्त. तीही परत. उरलेल्या ८६ वर आठवडा १९, म्हणजे ५ ते ११ मे. वाचायला उभा केलेल्या माणसाने २४ पोती थांबवली. ती थप्पीत गेली असती तर कळलंच नसतं.

उतरवताना हुक लावू दिला नाही. पोत्यावर तसं छापलेलंच असतं. हुकाचं भोक छोटं दिसतं, पण तिथून दमट हवा आत जाते आणि भोकाभोवती मुठीएवढी ढेप तयार होते.

२१ मे

बदली २४ पोती आली, आठवडा २०. आधीच्या थप्पीवरच चढवली. आधी आलेला माल आधी निघावा म्हणून नवा माल खाली हवा होता, पण एका आठवड्याच्या फरकासाठी ८६ पोती हलवणं योग्य वाटलं नाही. महिन्याचा फरक असता तर हलवलीच असती. थराला तारखेचं कार्ड लावलं.

पोती एकमेकांना घट्ट भिडवून लावली, मधे फट नाही. कालपासून पाऊस सुरू आहे. म्हणून पूर्ण थप्पीवर प्लास्टिक घातलं, तळाच्या प्लास्टिकच्या कडा वर घेतल्या आणि वरच्याच्या कडा बाहेरून त्यांच्यावर सोडून बांधल्या, म्हणजे ओघळ बाहेर पडेल.

२५ मे

मान्सून तळकोकणात दाखल, नेहमीपेक्षा खूप आधी. सेंट्रिंग अर्धवट. स्लॅब पुढे ढकलला. आठवड्यासाठी आणलेला माल आता पूर्ण पावसाळाभर टिकवायचा आहे.

सळीवर कुणीतरी मायेने ताडपत्री घातली होती, जमिनीपर्यंत चारी बाजूंनी बंद. ती काढली. सिमेंट आणि सळीच्या गरजा एकमेकींच्या उलट आहेत. सिमेंटला हवा लागता कामा नये. हवेतली वाफच त्याला बिघडवते, पाणी पडावं लागत नाही. सळीला मात्र खालून हवा खेळती हवी. बंद ताडपत्रीखाली जमिनीची वाफ अडते, रात्री थंड लोखंडावर दव धरतं आणि उघड्या सळीपेक्षा झाकलेली सळी लवकर गंजते.

आता सळी काँक्रीटच्या ठोकळ्यांवर जमिनीपासून निदान ६ इंच वर, दर दीड मीटरला आधार. आधार लांब असले तर सळी मधे झोळ घेते, मग फिटर ती सरळ करत बसतो. प्रत्येक माप वेगळं, टोकांना वेगळा रंग: ८ ला पिवळा, १० ला पांढरा, १२ ला निळा, १६ ला लाल. रंग फक्त कापलेल्या टोकाला. अंगाला लागला तर तिथे काँक्रीट सळीला धरत नाही. वर पत्र्याचं छप्पर, बाजू उघड्या.

१ जून

पावसाची उघडीप. महिना-दोन महिने थांबायचं आहे म्हणून सळीला सिमेंटच्या पातळ पाण्याचा हात दिला. किनाऱ्यालगत आणि लांब साठवणीत हे करायलाच हवं. सिमेंट अल्कली असल्यामुळे त्या थराखाली लोखंड सहजासहजी गंजत नाही. तेल किंवा ग्रीस मात्र कधीही नाही, ते नंतर निघता निघत नाही.

त्यासाठी आणि वीटकामाच्या दुरुस्तीसाठी दोन पोती काढली. उरली १०८.

२२ जून

थप्पीवर ठिपके पडलेले दिसले. पत्र्याच्या खिळ्यातून थेंब येत होता आणि बरोबर त्याच्याखाली प्लास्टिक फाटलेलं. मागच्या वेळी पोती काढताना प्लास्टिक नीट न सोडता ओढलं गेलं होतं. वरची तीन पोती बाद.

कडक झालेलं प्रत्येक पोतं बाद नसतं, फरक असा ओळखायचा. तळाची पोती वजनाखाली दाबून टणक होतात. असं पोतं जमिनीवर दोन-तीनदा लोळवलं की आत सैल होतं, आणि गुठळी बोटांच्या चिमटीत दाबली की पीठ होते. ते वापरायला हरकत नाही. ओल लागलेल्या पोत्यात शिवणीकडे आणि कोपऱ्यांत खडे असतात. ते बोटांनी फुटत नाहीत, आपटल्यावर दगडासारखे तुकडे होतात. या तीन पोत्यांत तसे खडे होते.

चाळून उरलेलं वापरावं असा आग्रह झाला. नको. खडा म्हणजे ओल जिथे पूर्ण पोचली ती जागा. आजूबाजूच्या पिठाच्या कणांवरही पातळ थर जमलेला असतो, तो चाळणीला कळत नाही. ते सिमेंट स्लॅबमध्ये उशिरा आणि कमी ताकदीने बसतं. तिन्ही पोती अंगणातल्या पायवाटेखालच्या भरणीत गेली. चिमूटभर सिमेंट पाण्यावर टाकून बुडतं की तरंगतं हे पाहण्याची रीत आहे, पण त्यावरून ताकदीबद्दल काहीही कळत नाही.

खिळ्याला वॉशर, फाटलेल्या जागी नवं प्लास्टिक. उरली १०५.

१० जुलै

सळी पाहिली. सिमेंटचा हात काही ठिकाणी उडाला आहे आणि तिथे तांबूस गंज दिसतो. चिंतेचं नाही. हाताने पुसल्यावर निघणारा तांबूस रंग बंध कमी करत नाही. पापुद्रे सुटायला लागले, बरगडी झिजली किंवा खड्डे दिसले तर गोष्ट वेगळी. अंदाजाने ठरवण्यापेक्षा तोलून पाहिलं. ८ मिमीची सगळ्यात गंजलेली सळी निवडली, मीटरचा तुकडा घेतला, तारेच्या ब्रशने लखलखीत केला. ३८५ ग्रॅम भरला. मेमध्ये सरासरी ३८८ होती. नुकसान एक टक्क्याच्याही आत, मर्यादेपासून खूप लांब. बारीक सळी आधी तपासायची, कारण तेवढाच गंज तिचा जास्त हिस्सा खातो.

२८ जुलै

सिमेंटला पुढच्या आठवड्यात तीन महिने होतील. स्लॅब ऑगस्टच्या मध्यावर. म्हणून आजच नमुना पाठवला. वरच्या, मधल्या आणि तळाच्या थरांतल्या बारा पोत्यांतून थोडं थोडं काढून एकत्र मिसळलं आणि हवाबंद डब्यात भरलं. एकाच चांगल्या पोत्यातून काढलेला नमुना फक्त त्या पोत्याबद्दल सांगतो. पोत्याची भोकं लगेच टेपने बंद केली.

२८ दिवसांचा निकाल यायला स्लॅबची तारीख उलटून जाईल. ३ आणि ७ दिवसांच्या निकालावर निर्णय घ्यायचा. पीपीसीला किमान १६ आणि २२ हवेत.

८ ऑगस्ट

निकाल: ३ दिवसांची ताकद १९, ७ दिवसांची २७. सेटिंग टाइमही मर्यादेत. माल वापरायचा. ७ दिवसांचा आकडा २२ च्या खाली आला असता तर सगळी १०५ पोती प्लास्टर आणि कोब्याकडे वळवून स्लॅबसाठी नवा माल आणला असता.

१०४ लागणार आणि हाताशी १०५, हे फार काठावर. सहा ताजी पोती मागवली, तोच ब्रँड आणि तेच मानक.

१४ ऑगस्ट

उद्याची तयारी. सळ्या तारेच्या ब्रशने घासून सुटलेले सिमेंटचे पापुद्रे आणि सैल गंज काढला. घट्ट चिकटलेला सिमेंटचा थर राहू दिला. बांधून झालेल्या जाळीवर चिखलाचे पाय उमटले होते ते धुतले. चिखल हा गंजापेक्षा वाईट, त्याच्यावर काँक्रीट अजिबात धरत नाही.

पोती काढण्याचा क्रम: थप्पी वरून सुटणार, म्हणजे आठवडा २० आधी, मग १९. तळाच्या दोन थरांतली पोती आज संध्याकाळीच बाजूला लोळवून ठेवली. मिक्सरपाशी पोतं फोडणाऱ्याला एकच सूचना: हाताला खडा लागला तर पोतं बाजूला ठेवून हाक मारायची, त्याऐवजी दुसरं घ्यायचं. प्लास्टिक थप्पीवरून शेवटच्या क्षणी काढायचं, आणि जेवणाच्या सुट्टीत परत टाकायचं.

१६ ऑगस्ट

काल स्लॅब पूर्ण. १०३ पोती लागली. एका पोत्यात खडे सापडले, ते बाजूला ठेवलं. ते तळाच्या थरात दरवाज्याच्या बाजूचं होतं. तिथली तळाची फळी ओलसर लागली, वाऱ्याने पाऊस दाराखालून येत होता. पुढच्या मालाआधी दाराला उंबरा घालायचा. शिल्लक सात पोती, त्यांतली सहा ताजी. नव्या आठवड्याचं कार्ड लावून, फळीवर, प्लास्टिकखाली.